विषय: शीर्षकपानावरील अनुवादिकेचे नाव पूर्ववत छापण्याबाबत

मा. प्रकाशक,
स. न. वि. वि.

मी कन्नडमधून मराठीत आणलेल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती परवा बेळगावात खडेबाजारात हाती पडली. शीर्षकपानावर मूळ लेखक आहेत, आपले बोधचिन्ह आहे. माझे नाव मात्र गायब! पहिल्या आवृत्तीत ते होते. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांची बोली मी त्यांच्यात बसून टिपली, ते काम निनावी कसे चालेल?

मानधन पोचले, हे खरे. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार हक्क विकले तरी कर्तृत्वाचा दावा माझाच राहतो.

शिल्लक प्रतींचे शीर्षकपान बदलावे, ऑनलाइन विक्रीच्या पानावरही नाव घालावे आणि पंधरा दिवसांत लेखी कळवावे. तोवर वितरण थांबवावे.

आपली,
अनुवादिका
शहापूर, बेळगाव