उपवासाच्या पाकिटात थालीपिठाची भाजणी गेली. चूक आमची.

१/९
आमच्याकडून उपवासाची भाजणी घेतली असेल, तर आधी पाकिटाच्या मागचा बॅच क्रमांक बघा.
उ-१४०७ असेल, तर आत उपवासाची भाजणी नाही. थालीपिठाची आहे आणि तिच्यात गहू आहे.
उपवासाला वापरू नका. घरात कुणाला गहू चालत नसेल, तर पाकीट आजच बाजूला काढा.

२/९
नेमकं काय गेलं?
लेबलवर छापलंय: साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, जिरे.
आत आहे: ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे.
अर्ध्या किलोची ६४ पाकिटं, ५१ घरांत. सगळी १५ आणि १६ जुलैला कुरिअरने गेली, म्हणजे बहुतेकांना आषाढीच्या आधी मिळाली. एकादशीसाठीच तर मागवली होती.

३/९
रविवारच्या स्टोरीत आम्ही "१२ पाकिटं" लिहिलं होतं. तो आकडा चुकीचा होता.
तेव्हा फक्त ज्यांच्या तक्रारी आल्या तीच पाकिटं मोजली होती. रात्री ऑर्डरची वही आणि उरलेला माल ताडून पाहिला, तेव्हा ६४ चा हिशेब लागला. स्टोरी वाचून "आपलं पाकीट त्या १२ मधलं नसेल" असं समजून कुणी निर्धास्त झालं असेल, तर कृपया पुन्हा तपासा.

४/९
कसं झालं?
मंगळवारी, १४ जुलैला, दुपारपर्यंत उपवासाची भाजणी भरून झाली. पुढचा डबा थालीपिठाच्या भाजणीचा होता. डबा बदलला, लेबलचा रोल तोच राहिला. दोन्हींना एकच खाकी पाकीट, दोन्ही डबे सारखेच स्टीलचे, आणि डब्यावर खडूने लिहिलेलं नाव पुसट झालेलं.
भरणारी मी, लेबल लावणारी मी आणि तपासणारीही मीच. म्हणजे तपासणारं कुणी नव्हतंच.
आषाढीची गर्दी दरवर्षी असते, त्यामुळे ती सबब सांगत नाही.

५/९
ही चूक आठवडाभर आधी सापडली असती.
१८ जुलैला ठाण्याच्या एका ताईंनी फोटो पाठवून विचारलं होतं, "या वेळची भाजणी तांबूस का दिसतेय? आणि धण्यांचा वास येतोय का?"
मी उत्तर दिलं, "राजगिरा जरा जास्त भाजला गेलाय, काळजी करू नका."
पाकीट न उघडता, फोटो मोठा करूनसुद्धा न बघता ठोकून दिलेलं उत्तर होतं ते. उपवासाच्या भाजणीत धणे घालतच नाही, हे मला माहीत असताना. त्या ताईंनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि एकादशीला थालीपीठ लावलं. पहिला घास सासूबाईंनी घेतला आणि तिथेच ताट सरकवलं.
ताई, तुमची आणि सासूबाईंची फोनवर माफी मागितली आहेच. पण तुमचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं, हे इथेही सगळ्यांसमोर लिहायला हवं होतं.

६/९
ज्यांचा उपवास मोडला, त्यांची मनापासून माफी.
काहींनी निर्जळी सोडून थेट हेच खाल्लं. एका काकांची कित्येक वर्षांची एकादशी होती. फोनवर बरेच जण उलट आम्हालाच समजावत होते, "जाऊ द्या, देवाला भाव कळतो." हे त्यांचं मोठेपण. आमच्या तोंडी ते वाक्य शोभणार नाही. लेबलवर "उपवासाची" असं लिहून आम्ही एक शब्द दिला होता, तो पाळला नाही.

७/९
गव्हाबद्दल, जरा सविस्तर.
ज्यांना सिलिॲक आहे किंवा गव्हाची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी ही नुसती अदलाबदल नाही. या बॅचमधलं काही खाऊन त्रास झाला असेल किंवा होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि घटकांची यादी (स्लाइड २) त्यांना सांगा. तपासणीचा आणि औषधांचा खर्च आम्ही देऊ. पावतीचा फोटो पुरे.

याच निमित्ताने आणखी एक गोष्ट. आमची उपवासाची भाजणी घटकांनुसार बिनगव्हाची असली, तरी आजवर ती त्याच छोट्या चक्कीवर दळली गेली आहे, जिच्यावर थालीपिठाची दळतो. मध्ये चक्की झाडून घेतो, पण झाडल्याने कण पूर्ण जात नाहीत. आम्ही "ग्लूटेन फ्री" असं कधी लिहिलं नाही, मात्र काही जण तसं समजून घेतात हे आम्हाला ठाऊक होतं आणि आम्ही गप्प राहिलो. सिलिॲक असलेल्यांनी आमची कोणतीही भाजणी घेऊ नये. जुन्या बॅचेसनाही हे लागू आहे.

८/९
आता काय करतोय?
पाकिटाचे १८० आणि कुरिअरचे ६० रुपये २९ जुलैपर्यंत परत. ज्या यूपीआयवरून पैसे आले, त्यावरच जातील. तुम्हाला काही पाठवायचं नाही, पाकीटही परत नको.
उपवासाची ताजी भाजणी ३ ऑगस्टला कुरिअरला देऊ, म्हणजे श्रावणी सोमवारच्या आत हातात पडेल. नको असेल तर तसं कळवा, आग्रह नाही.
"पुढच्या ऑर्डरवर सूट" मुद्दाम देत नाही. माफी मागता मागता विक्री करायची, हे बरं दिसत नाही.
हातातली भाजणी चांगली आहे, १४ जुलैचीच आहे. घरात सगळ्यांना गहू चालत असेल, तर लेबलवर काट मारा आणि एरवीच्या दिवशी कांदा-कोथिंबीर घालून थालीपीठ लावा. तिचेही पैसे नकोत.

९/९
पाकिटावरचा क्रमांक पुसला गेला असेल तर असं ओळखा.
चमचाभर पीठ तळहातावर घ्या. उपवासाची भाजणी पांढुरकी असते, पाणी घालून मळली की साबुदाण्यामुळे बोटांना चिकटते. थालीपिठाची तांबूस, आणि चोळली की भाजलेल्या धण्यांचा वास लगेच येतो. तरीही शंका वाटली तर फोटो पाठवा. या वेळी फोटो नीट बघितला जाईल, आणि शंका राहिलीच तर ते पाकीट चुकीचंच धरून पैसे परत करू.

कॅप्शन
५१ पैकी ३८ घरांशी फोनवर बोलणं झालं आहे. १३ जणांचा फोन लागत नाही किंवा मेसेज वाचलेला दिसत नाही, म्हणून ही पोस्ट.

आजपासून उपवासाच्या भाजणीला पांढरं पाकीट, थालीपिठाच्या भाजणीला खाकीच. दोन्ही एका दिवशी भरायच्या नाहीत. लेबल लावल्यावर प्रत्येक खेपेतलं एक पाकीट माझे यजमान उघडून बघतील. ते पीठ मळण्यात तरबेज नाहीत, पण धण्यांचा वास त्यांना कळतो. वेगळ्या चक्कीचे पैसे आत्ता नाहीत. ती येईपर्यंत "गहू दळल्या जाणाऱ्या चक्कीवर दळलेली" ही ओळ पुढच्या भाजणीच्या पाकिटावर, समोरच्या बाजूला, ठळक छापतोय.

कमेंट्स उघड्या आहेत, एकही काढणार नाही. रागावलेल्याही नाही.

तुमच्यापैकी काहींनी दोन-दोन, तीन-तीन पाकिटं मागवून आईला, नणंदेला, शेजारी दिली आहेत. ते पत्ते आमच्याकडे नाहीत. तेवढा एक फोन तुम्ही कराल का? त्यांनाही पैसे आणि नवी भाजणी मिळेल, ऑर्डर दिलेल्या व्हॉट्सॲप नंबरवर त्यांचं नाव-पत्ता पाठवा.

मेघना
(भाजणी, पॅकिंग आणि १८ जुलैचं ते उत्तर)