पानशेत १९६१: एका धरणामागे दुसरं

(गटावर फिरत असलेले स्क्रीनशॉट उलटसुलट आले होते, काही दोनदा, काही अर्धे कापलेले. लेखिकेच्या संमतीने सगळा थ्रेड मूळ क्रमाने सलग केला आहे. त्यांना नाव नको आहे. लोकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरं जिथल्या तिथे बसवली, 'ताई, पुढे?' छापाचे प्रतिसाद वगळले. चौकटी कंसातलं माझं.)

दर जुलैत कुणीतरी विचारतंच, 'त्या वर्षी फार पाऊस झाला होता का हो?' पाऊस होता, पण पुणं बुडालं ते पावसाने नाही. पानशेत धरण पुरतं बांधून व्हायच्या आत त्यात पाणी साठू दिलं, त्यामुळे बुडालं. मी धरणांचं अभियांत्रिकी शिकवते, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी नकाशा. पानशेत आंबी नदीवर आहे. तिचं पाणी खाली खडकवासल्यात येतं आणि तिथून मुठेतून पुण्यात. म्हणजे वरचं धरण फुटलं की पाणी सरळ खालच्या धरणावर येणार. आजचे आकडे बघा: पानशेतचा उपयुक्त साठा १०.६५ टीएमसी, खडकवासल्याचा १.९७. तेव्हाचे आकडे वेगळे होते, पण थोरलं वर आणि धाकटं खाली, ही रचना तीच.

खडकवासला १८७९ साली पुरं झालेलं दगडी धरण, इंग्रज त्याला 'लेक फाइफ' म्हणत. पानशेत मातीचं, नवं. दगडी धरणावरून पाणी वाहिलं तर ते काही काळ तग धरतं. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं की भराव खरवडून निघतो, मग ते थांबवता येत नाही.

[इथला स्क्रीनशॉट अर्धा होता. पुढचा परिच्छेद लेखिकेने पुन्हा पाठवला.]

आता मुख्य गोष्ट. मातीच्या भरावाच्या पोटातून पाणी सोडायचा बोगदा जातो, त्याला आम्ही विमोचक म्हणतो. पानशेतचं हे काम अपुरं होतं आणि दरवाजा अर्धवट उघडा होता. अशा बोगद्यात पाणी कधी मोकळं वाहतं, कधी पूर्ण भरून दाबाखाली वाहतं. एका अवस्थेतून दुसरीत जाताना जोरदार हादरे बसतात. बोगद्याचं बांधकाम त्या हादऱ्यांना पुरं पडलं नाही आणि त्याच्यावरचा भराव खचू लागला. म्हणजे पाणी चढून माथ्यावर गेलं एवढंच नाही, माथाच खाली पाण्याकडे आला. हे वाक्य मी वर्गात नेहमी दोनदा सांगते.

११ जुलैच्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. १२ तारखेला सकाळी धरण फुटलं.

('मग जवानांनी उपयोग काय केला?' असं एकाने विचारलं.) उपयोग वेळेचा झाला. रात्री अंधारात फुटलं असतं तर पुणं झोपेत सापडलं असतं. हे माझं मत आहे, चौकशी अहवालातलं नाही.

पानशेतचं पाणी खडकवासल्यात येऊन भरलं, माथ्यावरून ओसंडू लागलं. शहरात मुठा चढतच होती. लोक पुलांवर, काठावर पूर बघायला जमले. याबद्दल आज आपण हसू नये. नदीला पूर आला की बघायला जायचं, ही पुण्याची जुनी सवय. दुपारी खडकवासलाही फुटलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. शनिवार, नारायण, कसबा या पेठांचा नदीकडचा भाग बुडाला. मातीच्या भिंतींचे वाडे भिजून बसले. अनेक घरं पाण्याच्या जोराने पडली नाहीत, नंतर ढासळली.

पाणी ओसरल्यावर खरा घोळ. पुण्याचं पिण्याचं पाणी खडकवासल्याचं, आणि खडकवासलाच नाही! पुरानंतर टंचाई. आड-विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. पुनर्वसनासाठी सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांना पुण्यात आणलं गेलं. पूरग्रस्तांसाठी निसेन हट, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या, उभ्या राहिल्या, लोकमान्यनगर, गोखलेनगर यांसारख्या वसाहती वसल्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आजोबांचा पेठेतला पत्ता तिथेच बदलला असेल.

('बॉम्ब टाकून धरण फोडलं, असं आमचे काका सांगतात.') नाही हो. भराव खचत होता, तो थोपवायला माणसं आदल्या रात्रीपासून तिथे होती. बॉम्बची गरज काय?

चौकशी आधी न्यायमूर्ती बावडेकरांकडे होती. काम पुरं व्हायच्या आत त्यांनी आत्महत्या केली. पुढे न्यायमूर्ती नाईकांच्या आयोगाने अहवाल दिला. बावडेकरांबद्दल मला इनबॉक्समध्ये रोज कुणीतरी नवी कथा पाठवतं. मी एकही पुढे पाठवत नाही, तुम्हीही पाठवू नका.

दोन्ही धरणं पुन्हा बांधली. पानशेतच्या जलाशयाला आता तानाजीसागर म्हणतात. रविवारी तिथे जाल तेव्हा भजी खा, पण सांडव्याकडेही एक नजर टाका.

[थ्रेड इथे संपतो. शेवटच्या स्क्रीनशॉटमध्ये फक्त भज्यांवरचे प्रतिसाद होते.]