ऐच्छिक विषय बदलून मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : 25 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. प्राचार्य,
कनिष्ठ महाविद्यालय (विज्ञान शाखा),
अकोले, जि. अहिल्यानगर

विषय : इयत्ता अकरावीत भूगोलाऐवजी जीवशास्त्र हा ऐच्छिक विषय मिळण्याबाबत.

आदरणीय सर,

मी अकरावी विज्ञान, तुकडी ब, हजेरी क्रमांक 47 ची विद्यार्थिनी आहे. प्रवेश घेताना मी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांच्याबरोबर भूगोल निवडला होता. वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाले आहेत. भूगोलाच्या जागी मला जीवशास्त्र मिळावे, अशी नम्र विनंती आहे. बाकीचे विषय आहेत तेच राहतील.

मला पशुवैद्यकीय पदवीला जायचे आहे. कृषी पदवीला गणित गटावर प्रवेश मिळतो, तसाच इथेही मिळेल असे मी आणि घरचे धरून चाललो होतो. मागच्या आठवड्यात शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मामेबहिणीने सांगितले, की त्यासाठी नीट द्यावी लागते आणि बारावीला जीवशास्त्र असावेच लागते. चूक माझी आहे, फॉर्म भरण्याआधी मी तिला विचारायला हवे होते.

सर, आमचे घर दुधावर चालते. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा आमची एक गाभण गाय गेली. दवाखान्यातले डॉक्टर रोज संध्याकाळी गोठ्यात येत होते. गाठी फुटलेल्या जखमा कशा धुवायच्या, माश्या बसू नयेत म्हणून काय करायचे, हे त्यांनी मला दाखवले. दुसरी गाय त्यातून उठली. तेव्हापासून मी हेच ठरवले आहे. भूगोल मला आजही आवडतो, तो जड जातो म्हणून मी सोडत नाही.

बुडालेला अभ्यास मी भरून काढत आहे. वर्गमैत्रिणीच्या वहीवरून ‘लिव्हिंग वर्ल्ड’ धडा उतरवून झाला आहे, ‘सिस्टिमॅटिक्स’ चालू आहे. प्रॅक्टिकलची बॅच कोणतीही मिळाली तरी चालेल. सकाळची मिळाल्यास मी राजूरहून पहिल्या एसटीने येईन. झालेले प्रयोग जर्नलमध्ये पूर्ण करून 15 सप्टेंबरपर्यंत जीवशास्त्राच्या मॅडमना दाखवीन. प्रयोगशाळेच्या शुल्कात फरक पडत असेल तर तो भरण्याची वडिलांची तयारी आहे.

जीवशास्त्राच्या मॅडमना आणि भूगोलाच्या सरांना मी भेटले आहे. तुमची परवानगी असेल तर दोघांचीही हरकत नाही. त्यांच्या सह्या अर्जाच्या मागे आहेत. बारावीत गेल्यावर हा बदल फार अवघड होईल, म्हणून पहिला महिना संपण्याआधीच अर्ज करत आहे. कृपया परवानगी द्यावी आणि हजेरीपटावर तशी नोंद व्हावी, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी,
स्नेहल भाऊसाहेब शिंदे

पालकांची सही : भाऊसाहेब शिंदे

सोबत : प्रवेश पावतीची प्रत, दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत, वडिलांचे संमतिपत्र.