पेशंट उचलताना नर्सेसच्या पाठीची सुरक्षा
(ऑक्युपेशनल हेल्थ असाइनमेंट, पोस्ट बेसिक बीएससी नर्सिंग)

मी मेल मेडिसिन वॉर्डला नऊ वर्षं काढली, त्यामुळे हा विषय मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. आमच्या वॉर्डात चाळीस कॉट, नाईटला दोन सिस्टर आणि एक मामा, आणि मामा ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला गेले की दोघीच. पॅरालिसिसचा पेशंट फावलर पोझिशनमधून सारखा खाली घसरतो, त्याला वर घ्यायचं म्हणजे एक जण ह्या बगलेत हात घालते दुसरी त्या, आणि "एक दोन तीन" करून खेचायचं. चौथ्या वर्षी असंच खेचताना माझ्या कमरेत कट्ट आवाज झाला आणि मी तिथेच कॉटचा रॉड धरून उभी राहिले. L4-L5 ची डिस्क सरकलेली निघाली. तरी रजिस्टरमध्ये काहीच नोंद नाही, कारण पेशंट पडला तर इन्सिडंट रिपोर्ट भरतात पण सिस्टरची पाठ गेली तर कोणी भरत नाही.

आम्हाला शिकवलं होतं की गुडघे वाका, पाठ सरळ ठेवा, वजन अंगाजवळ धरा. चूक नाही ते, पण ते खोक्यासाठी आहे. खोक्याला हँडल असतं, ते मधेच घाबरून तुमच्या गळ्यात पडत नाही, त्याला कॅथेटर आणि आयव्ही लाईन नसते. अमेरिकेतल्या NIOSH ह्या संस्थेच्या हिशोबात चांगल्या परिस्थितीत साधारण 23 किलो वजन चालतं, पण पेशंट हाताने उचलायचा असेल तर 2007 मध्ये तिथल्याच थॉमस वॉटर्स यांनी मर्यादा 35 पाउंड म्हणजे जवळपास 16 किलो सांगितली, आणि तीही पेशंट शांत असेल, वाकायला लागत नसेल तरच. आता हिशोब करा, 70 किलोचा पेशंट दोघींनी उचलला तर प्रत्येकीला 35 किलो, चौघांनी उचलला तरी साडेसतरा! म्हणजे "अजून एक माणूस बोलवा" हे उत्तर पुरत नाही. ऑर्थोला ड्रेसिंगसाठी नुसता पाय धरून उभं राहायचं असतं ना, 70 किलोच्या माणसाचा एक पाय साधारण 11 किलोचा असतो, वर प्लास्टर वेगळं.

पाठीवर एवढा जोर का येतो? पाठ म्हणजे तरफ धरली, तर मणक्यापासून कमरेच्या स्नायूंचं अंतर फक्त पाच-सहा सेंटीमीटर असतं आणि आपण कॉटवर वाकून पेशंटला धरतो ते अर्ध्या मीटरवर, म्हणजे 10 किलो धरायला स्नायूंना साधारण 100 किलोएवढी ओढ लावावी लागते आणि ती सगळी डिस्कवर दाबली जाते. त्यात कंबर वळवली की डिस्कच्या कडेच्या थराला चीर पडू शकते. शिवाय हे एकदाच होत नाही, दर दोन तासांनी पोझिशन बदलायची असते, बेडसोअर होऊ नये म्हणून.

मग करायचं काय, तर उचलायचंच नाही, सरकवायचं. पहिली गोष्ट कॉटची उंची. हँडल असेल तर ते फिरवून कॉट कमरेपर्यंत घ्या, दहा सेकंद लागतात, पण आम्ही घाईत फिरवत नाही. मग डोक्याकडची बाजू सपाट करा (श्वासाचा त्रास असेल तर मात्र त्याला सपाट झोपवू नका), पेशंटला सांगा की हनुवटी छातीला लावा आणि गुडघे दुमडून पाय रेटा. स्ट्रोकवाल्याचा एक पाय तरी चालतो, तो आपल्यापेक्षा जास्त काम करतो. ओढायचं ते ड्रॉ शीट धरून, बगलेत हात घालून कधीच नाही, त्याने पेशंटचा लुळा खांदाही निखळू शकतो. खाली स्लाइड शीट असेल तर उत्तमच, आमच्याकडच्या रबरी मॅकिन्टॉशवर कापड चिकटतं आणि दुप्पट ताकद लागते. स्ट्रेचरवर घेताना स्लायडिंग बोर्ड, दोन्हीचे ब्रेक लावून. पेशंट उभा असताना पडायला लागला तर त्याला झेलू नका, डोकं सांभाळत हळूच खाली बसू द्या, हे मला फार उशिरा कळलं.

कंबरपट्ट्याबद्दल एक, बऱ्याच सिस्टर "पट्टा बांधलाय, काही होत नाही" म्हणून जास्त उचलतात. ज्यांना दुखापत झालेली नाही त्यांचा त्याने बचाव होतो असं सिद्ध झालेलं नाही.

कंबर धरलीच तर महिनाभर झोपून राहू नका, जमेल तेवढं चालत राहा. पण दोन्ही पायांत बधिरपणा, बसायच्या जागेला मुंग्या, लघवी अडकणं किंवा आपोआप होणं, यातलं काहीही झालं तर ड्युटी सोडून तडक कॅज्युअल्टीला जा, कारण मणक्यातल्या नसा दबलेल्या असू शकतात आणि तिथे तास महत्त्वाचे असतात.

ह्या असाइनमेंटसाठी मी आमच्या वॉर्डातल्या चाळीसही कॉटची हँडलं फिरवून बघितली. अकरा जाम निघाली. त्यांचे नंबर लिहून इनचार्ज सिस्टरच्या सहीने इंडेंट दिलाय, सोबत चार स्लाइड शीट आणि एक स्लायडिंग बोर्ड मागितलाय, आणि इन्सिडंट रजिस्टरमध्ये स्टाफच्या दुखापतीसाठी वेगळं पान आखून पहिली नोंद माझीच केलीय.