स्वाध्याय ७ : मी आणि माझ्यामागची जागा

माध्यम : कोलाज. वेळ : ९० मिनिटांच्या तीन तासिका. कागद : ए३ आकाराची जाड कार्डशीट, उभी किंवा आडवी, तुम्ही ठरवा.

या स्वाध्यायात तुम्ही तुमचं व्यक्तिचित्र करायचं आहे, पण चेहरा काढायचा नाही. चेहरा फोटोतून येईल, मागची जागा एआयच्या साधनाकडून तयार करून घ्यायची, आणि दोन्ही कात्रीनं कापून डिंकानं जोडायचं. संगणकावर दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून छापलेलं काम मी घेणार नाही. जोड हातानंच व्हायला हवा.

सुरुवात करण्याआधी एक चित्र नीट बघा. फळ्याशेजारी लावलं आहे. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिनं १९३२ साली स्वतःला मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवर उभं केलं. एका बाजूला पडका पिरॅमिड, सूर्य-चंद्र, मुळांसकट झाडं; दुसऱ्या बाजूला धुरांडी, यंत्रं, उंच इमारती. तिचा चेहरा शांत आहे, काहीच सांगत नाही. सगळं बोलते ती मागची जागा. आता मनातल्या मनात ती पार्श्वभूमी पुसून टाका आणि उरलेल्या बाईकडे पाहा. तुमच्या कामात मला हाच फरक दिसायला हवा.

फोटो

मित्राकडून काढून घ्या. सेल्फी नको, जवळून काढल्यानं नाक मोठं येतं. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरायला सांगा आणि उजेड एकाच बाजूनं येऊ द्या, खिडकीजवळ उभं राहिलात तरी पुरे. फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा : उजेड डावीकडून की उजवीकडून. हे लिहायला तुम्ही विसरणार, म्हणून आत्ताच सांगतोय.

चेहरा दाखवायचा नसेल तर पाठमोरा फोटो, हात, मान किंवा भिंतीवरची सावली चालेल. त्यासाठी गुण कमी होणार नाहीत.

एक नियम मात्र पक्का. तुमचा किंवा कुणाचाही फोटो एआयच्या साधनात टाकायचा नाही. त्याच्याकडून फक्त जागा मागायची, माणूस नाही. तिकडे गेलेल्या फोटोचं पुढे काय होतं हे आपल्या हातात राहत नाही. शिवाय तुमचा चेहरा त्यानं गुळगुळीत करून दिला तर ते व्यक्तिचित्र तुमचं उरेल का?

मागची जागा

आधी वहीत लिहा, मग संगणकासमोर बसा. अशी जागा निवडा जिथे तुम्ही खरंच तासन्‌तास असता किंवा असायचात. डोंगरमाथा, अंतराळ, निऑनच्या दिव्यांचं शहर असली भव्य दृश्यं नकोत. ती सगळ्यांना मिळतात आणि सगळ्यांची सारखीच दिसतात.

यामागचं कारण समजून घ्या. ही साधनं मथळ्यांसह असंख्य चित्रं दाखवून शिकवलेली असतात, आणि नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातून टप्प्याटप्प्यानं चित्र वर आणतात. ‘खोली’ एवढंच मागितलंत की त्यानं पाहिलेल्या अनेक खोल्यांमध्ये जे समान, तेच पुढे येतं : स्वच्छ पडदे, कोवळं ऊन, कोपऱ्यात कुंडी. कुणीच न राहणारी खोली. तुमची खोली हवी असेल तर तपशील तुम्हीच द्यायला हवेत.

मागच्या तुकडीतल्या एका मुलीनं पहिल्यांदा लिहिलं, ‘खिडकीजवळचं अभ्यासाचं टेबल’. चित्र आलं ते फर्निचरच्या जाहिरातीसारखं. मी विचारलं, तुझ्या खिडकीत काय आहे जे यात नाही? ती म्हणाली, ‘सर, आमच्या खिडकीची कडी लागत नाही, वर्तमानपत्राची घडी खोचलेली असते.’ तिनं ते लिहून पाहिलं, चार-पाच वेळा. साधन कधी टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, कधी काचेवर चिकटवायचं. फटीत खोचलेली घडी काही येईना. शेवटी तिनं खरी घडी केली, बोटाएवढी, आणि चित्रातल्या फटीत डिंकानं बसवली. लांबून बघतानाही नजर तिथेच जायची.

तेव्हापासून हा भाग सक्तीचा केला आहे : साधनाला जमलं नाही असं निदान एक तरी काहीतरी तुम्ही हातानं घालायचं. खरं कापड, तिकीट, वहीचं पान, पेन्सिलीची रेघ, काहीही. १९१२ मध्ये पिकासोनं वेताच्या विणीचं छापील चित्र असलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि भोवती दोरी बसवली, तेव्हा त्यानंही खरी वस्तू चित्रात आणली होती. तुम्ही काही नवा गुन्हा करत नाही आहात.

सूचना लिहिताना जागा, वेळ, उजेडाची दिशा, पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची आणि एक बिघडलेली गोष्ट, एवढं तरी हवं. नमुना :

‘अरुंद जिना, दुपार, उजेड डावीकडच्या झरोक्यातून, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलेला, कठड्याचा रंग हात लागून लागून गेलेला, जिना रिकामा.’

हा नमुना उतरवून काढू नका, मला ओळखू येतो. हयात चित्रकाराचं नाव घालून ‘यांच्या शैलीत’ असं मागायचं नाही. जे नको त्याचा उल्लेखही टाळा. ‘फुलं नकोत’ लिहिलंत की बरेचदा फुलंच येतात. चित्रात पाट्या किंवा पुस्तकांची नावं आली तर अक्षरं वाचून बघा, बहुधा ती कुठल्याच भाषेत नसतात. ठेवायची असतील तर जाणूनबुजून ठेवा.

निदान दोन वेगवेगळी चित्रं तयार करा. फसलेलीही जपून ठेवा, त्यांचे तुकडे कामी येतात. छपाईचा हिशोब : १०२४ पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून छापलं तर जेमतेम ८.७ सेंटिमीटर येतं, १५० नं सुमारे १७ सेंटिमीटर. ए३ भरायला एक चित्र ताणलंत तर ते फुटेल. म्हणून तुकडे जोडा, कोलाज त्यासाठीच आहे.

जोडणी

डिंक लावण्याआधी सगळं नुसतं मांडून पाहा आणि मला दाखवा. दोन गोष्टी तपासा. उजेड दोन्हीकडे एकाच बाजूनं येतो का? आणि क्षितिजरेषा कुठे आहे? कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर होता, तर मागच्या जागेची क्षितिजरेषाही तुमच्या डोळ्यांतून जायला हवी. नाहीतर तुम्ही खड्ड्यात उभे किंवा तरंगत असल्यासारखे दिसाल. मी पहिल्यांदा हा स्वाध्याय स्वतः करून पाहिला तेव्हा माझा उजेड उजवीकडून आणि जिन्याचा डावीकडून होता. ओळखपत्रावरचा फोटो भिंतीला चिकटवल्यासारखा दिसत होतो.

हे नियम मुद्दाम मोडायचे असतील तर मोडा, पण मग ठसठशीत मोडा. थोडंसं चुकलेलं फक्त चुकलेलंच दिसतं.

केस एकेक करून कापत बसू नका. मोठ्या आकारात कापा, कडा दिसू द्या. बर्लिनमध्ये हाना होख ही कलाकार फोटोमोंताज, म्हणजे फोटोंच्या तुकड्यांचं कोलाज, करायची तेव्हा कात्रीच्या खुणा ती लपवत नसे. कटर फक्त मॅटवर, पट्टी धातूची, दुसरा हात पात्याच्या मागे.

जमा करताना

तिसऱ्या तासिकेच्या शेवटी काम, आणि मागच्या बाजूला चिकटवलेला एक कागद : शेवटी वापरलेल्या सूचना जशाच्या तशा, आणि साधनानं कुठे तुमचं ऐकलं नाही याबद्दल पाच-सहा ओळी. ‘मला खूप मजा आली’ ही ओळ मोजली जाणार नाही.

गुण २५ : जागेची निवड आणि तपशील १०, मांडणी ७, कापणं-चिकटवणं ५, मागचा कागद ३. साधनानं दिलेलं चित्र किती सुंदर आहे याला गुण नाहीत.

पहिल्या तासिकेला येताना फोटो साध्या कागदावर छापून आणा, दोन प्रती. पहिली प्रत कापताना हमखास बिघडते.