आई-बाप उसाला जातील, पोरं शाळेत राहतील

(दृश्य: शाळेची पडवी. मंगलताई हजेरीपट उघडून बसल्या आहेत.)

नमस्कार. मी मंगल. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात, माझ्याच गावात अंगणवाडी सेविका आहे.

हा आमच्या शाळेचा गेल्या वर्षीचा हजेरीपट. पट 84. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी हजर 47. बाकीची 37 लेकरं आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली होती. ही ओळ जवळून बघा, तिसरीतल्या मुलीची आहे. ऑक्टोबरपर्यंत एक खाडा नाही. तिथून थेट मार्चपर्यंत गैरहजर.

माझी चौथी अशीच गेली. आई-दादांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली होती. तोडीत नवरा-बायकोची जोडी एकच मजूर धरतात, तिला म्हणतात एक कोयता. पहाटे अंधारातच ते फडात जायचे. मी कोपीत भाकरी थापायची, मग धाकट्याला कडेवर घेऊन त्यांच्या मागं. उसाच्या पाचटानं त्याचे पाय कापायचे, म्हणून मी त्याला खाली सोडतच नव्हते. पाडव्याला गावी परतलो, तोवर वर्गाचा भागाकार शिकून झाला होता. गुरुजींनी फळ्यावर गणित घातलं आणि मी नुसती बघत राहिले.

पुढच्या वर्षी गाडी दारात उभी असताना आजी म्हणाली, "हिला मी सांभाळते, तुम्ही जा." तेवढ्या एका वाक्यावर मी दहावी झाले.

(दृश्य: शाळेची रिकामी खोली. दोन आज्या चूल सारवत आहेत.)

सगळ्याच लेकरांना अशी आजी नसते. म्हणून यंदा नोव्हेंबर ते मार्च, 150 दिवस, या खोलीत आम्ही 32 मुलांना ठेवणार आहोत. त्यांच्या आई-बापांशी घरोघर जाऊन बोललोय, सगळ्यांची लेखी संमती आहे. मुली आणि त्यांच्यासोबत झोपायला येणाऱ्या आज्या शेजारच्या खोलीत.

सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आम्ही प्रस्तावही दिलाय. पण उसाच्या गाड्या मंजुरीसाठी थांबत नाहीत. मंजुरी आलीच, तर तुमचे उरलेले पैसे पुढच्या हंगामासाठी तसेच ठेवू.

खर्च सांगते. एका मुलाचं दोन वेळचं जेवण आणि नाश्ता, दिवसाला 60 रुपये. सगळ्यांचे मिळून 2 लाख 88 हजार. स्वयंपाकाच्या दोघी बायांना 60 हजार. सतरंज्या, पांघरुणं, गॅस, दिवे, औषधं 52 हजार. एकूण 4 लाख. गावानं 70 हजार जमवलेत; त्यात उचलीतून काढून दिलेल्या शंभर-शंभरच्या नोटाही आहेत. 3 लाख 30 हजार कमी पडतायत.

(दृश्य: रस्त्यावर ट्रॅक्टर, ट्रॉलीत भांडी, गाठोडी, शेळी.)

दिवाळी झाली की गाड्या निघतील. 1,800 रुपयांत एक मूल महिनाभर जेवतं, 9,000 रुपयांत पूर्ण हंगाम. शंभर रुपये दिलेत तरी ते ताटातच पडतील. पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर जातात. दर महिन्याच्या 5 तारखेला हिशेब आणि हजेरीपटाचा फोटो याच पानावर टाकू.

खालच्या लिंकवर आजच मदत पाठवा. 31 ऑक्टोबरपर्यंत किराणा भरायचा आहे.