विषय: ट्रॅकिंग एपीआयची रेट लिमिट मिनिटाला ३०० करणे आणि सँडबॉक्स मिळण्याबाबत

नमस्कार,

आमच्या खात्याला सध्या मिनिटाला १२० कॉलची मर्यादा आहे. ती ३०० करून मिळावी आणि पिकअप बुकिंगच्या चाचणीसाठी सँडबॉक्स सुरू करून द्यावा, ही विनंती.

गेल्या ३० दिवसांत आमच्याकडून १८.४ लाख कॉल गेले. सरासरी काढली तर मिनिटाला जेमतेम ४३ पडतात, म्हणजे वरवर पाहता १२० पुरेसे वाटतात. अडचण सकाळी १० ते ११:३० या वेळेत होते. रात्रभरात निघालेली पार्सलं तेव्हा एकदम हलतात, मागणी सरासरी १४५ वर जाते आणि एका मिनिटाला तर ती २३६ पर्यंत गेली होती. महिनाभरात `429` आलेले कॉल ७४,३०० आहेत. त्यातले ९२ टक्के याच दीड तासातले. ग्राहकाला पार्सलची स्थिती तेव्हा १४ मिनिटांपर्यंत उशिरा दिसते आणि आमच्या मदत कक्षाचे फोन वाजू लागतात.

आमच्या बाजूने जे करता येण्यासारखं होतं ते केलं आहे. पोहोचलेली पार्सलं पुन्हा विचारत नाही, बाकीची स्थिती १० मिनिटं कॅश करतो. याआधी महिन्याला २७ लाख कॉल जायचे. आणखी कात्री लावली तर माहिती शिळी होईल. जाता जाता एक गोष्ट: तुमच्याकडून नेहमी हेच उत्तर येतं,

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 60
```

मर्यादा पाच सेकंदांत मोकळी होणार असली तरी आकडा ६०च. आम्ही तो पाळतो, त्यामुळे उगाच मिनिटभर थांबावं लागतं. खरे उरलेले सेकंद पाठवता आले तर बरं होईल.

३०० हा आकडा २३६ वर साधारण पाव भाग जास्त धरून काढला आहे. दिवसभर देणं शक्य नसेल तर फक्त सकाळी १० ते १२ दिली तरी आमचं भागेल.

आता सँडबॉक्स. तो नसल्याने चाचण्या थेट प्रॉडक्शनवर चालतात. गेल्या महिन्यात त्यात २१,००० कॉल गेले, शिवाय आमच्याच चुकीने `POST /v2/pickups` वर तीन खरी बुकिंग झाली. दोन वेळेत रद्द केली, तिसऱ्यासाठी तुमची गाडी आमच्या दारात येऊन रिकामी परत गेली. त्याबद्दल दिलगीर आहोत. सँडबॉक्सला मिनिटाला ३० कॉल पुरेत. मात्र दोन स्वतंत्र की हव्यात, वेबहुक यायला हवेत आणि `429`, `503` मुद्दाम घडवून पाहता यायला हवेत.

या आठवड्यात एकच काम होणार असेल तर सँडबॉक्स आधी द्या. रिटर्न पिकअप पुढच्या महिन्याच्या १ तारखेला सुरू करायचे आहेत. जादा मर्यादेसाठी वरचा प्लॅन घ्यावा लागत असेल तर दर कळवा, लगेच मंजुरीला पाठवतो. तासवार आकड्यांची फाइल आणि काही रिक्वेस्ट आयडी सोबत जोडले आहेत.

आपला,
बॅकएंड टीम लीड, ऑर्डर ट्रॅकिंग विभाग